सातव्या आठवड्यातल्या उलट्या: एका लोकल प्रवासी गरोदर स्त्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी मुंबईच्या मध्य उपनगरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करते. दोन पावसाळ्यांपूर्वीचं हे प्रकरण आहे. पेशंटची परवानगी घेऊनच लिहिते आहे. तिचं नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. इथे तिला मानसी म्हणू.

मानसी २८ वर्षांची, पहिलंच बाळंतपण. भांडुपला दोन खोल्यांत नवरा आणि सासूबाईंबरोबर राहायची. लोअर परळच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम. सकाळी ६.४० ला घर सोडायचं, लेडीज डब्यात उभ्यानं दादर, तिथून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी. घरचं मूळ सिंधुदुर्गातलं, त्यामुळे स्वयंपाकघरात सुकट-बोंबील, कोकम, उकडा तांदूळ कायमचा. गरोदरपणाआधी तिचं वजन ५४ किलो होतं. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून आधीच सांगितला.

अडचण

शेवटच्या पाळीपासून मोजता साडेसहा आठवडे झाले असताना ती पहिल्यांदा आली. पाचव्या आठवड्याच्या शेवटापासून मळमळ सुरू झाली होती. सकाळी ब्रश करताना कोरड्या ओकाऱ्या, मग दिवसभर घशाशी काहीतरी आल्यासारखं. फोडणीचा वास आला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. डब्यात कुणाचं अत्तर, दादरच्या पुलावर वडे तळल्याचा वास, ऑफिसातला एसीचा कुबट वास, सगळंच नकोसं.

हे अगदी नेहमीचं आहे. दहातल्या सात-आठ गरोदर स्त्रियांना कमीअधिक मळमळ होते. ती बहुधा नवव्या आठवड्याच्या आत सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची बारा ते सोळा आठवड्यांत ओसरते. इंग्रजीत तिला सकाळचा आजार म्हणतात खरं, पण ती दिवसभर असू शकते. मानसीला सर्वांत जास्त त्रास संध्याकाळी परतीच्या गाडीत व्हायचा.

सासूबाई सोबत आल्या होत्या. "आम्हालाही झालं हे सगळं. तरी आम्ही भातलावणीला जायचो," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण मानसीनं मान खाली घातली आणि त्यानंतर ती माझ्याशी कमी बोलली. त्या क्षणी मला हे खटकायला हवं होतं.

पहिली भेट आणि पहिला निर्णय

मी विचारलं, "उलट्या किती होतात?" ती म्हणाली, "दोन." दोन म्हणजे सौम्य, असं मी मनात धरलं. वजन ५३.५ किलो, रक्तदाब व्यवस्थित. थोडं थोडं खा, तिखट-तेलकट टाळा, आलं घे, फॉलिक ॲसिडची गोळी चालू ठेव, दोन आठवड्यांनी ये, असं सांगून मी पुढच्या पेशंटकडे वळले. ओपीडी भरलेली होती.

हा निर्णय चुकला, आणि तो कुठे चुकला हे नेमकं सांगता येतं. मळमळीची तीव्रता मोजायला तीन प्रश्नांची एक सोपी पद्धत आहे, तिला प्यूक स्कोअर म्हणतात. गेल्या चोवीस तासांत मळमळ एकूण किती तास होती, उलटी किती वेळा झाली आणि काहीच न पडता नुसत्या ओकाऱ्या किती वेळा आल्या. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज सहापर्यंत असेल तर सौम्य, सात ते बारा मध्यम, तेरा ते पंधरा तीव्र.

मी तीनपैकी एकच प्रश्न विचारला होता. नंतर तिच्याकडून त्या दिवसाची माहिती पुन्हा घेतली तेव्हा कळलं की मळमळ पाच तास होती, त्याचे चार गुण. उलट्या दोन, त्याचे दोन. कोरड्या ओकाऱ्या दोनदा, त्याचे दोन. बेरीज आठ. म्हणजे पहिल्याच दिवशी तिचा त्रास मध्यम होता आणि नुसत्या आहाराच्या सल्ल्यावर तिला घरी पाठवायला नको होतं. दिवसातून एकदाही उलटी न होता सात तास मळमळत राहणारी बाई दोन उलट्या करून मोकळी होणाऱ्या बाईपेक्षा जास्त हैराण असू शकते. उलट्या मोजल्या की हे दिसत नाही.

मधल्या दोन आठवड्यांत घरी काय घडलं

हा भाग मला दुसऱ्या भेटीत, तासभर बसून विचारल्यावर कळला.

गाडीत उलटी झाली तर काय, या भीतीनं मानसीनं सकाळी खाणंच बंद केलं. रात्री साडेनऊचं जेवण, त्यानंतर थेट ऑफिसात साडेदहाला काहीतरी. तेरा तास पोट रिकामं. रिकाम्या पोटात आम्ल साचतं, रक्तातली साखर खाली येते आणि मळमळ वाढते. मळमळ वाढली म्हणून ती आणखी कमी खायची. हे चक्र मी शेकडो बायकांत पाहिलं आहे. मुंबईत त्याची सुरुवात फार वेळा लोकलच्या भीतीतून होते, कारण गर्दीच्या डब्यात उलटी करायला जागाच नसते.

घरातून निघताना ती एकच गोष्ट घ्यायची, आलं घातलेला दुधाचा कडक चहा. मीच आलं सांगितलं होतं ना! पण रिकाम्या पोटी उकळलेल्या चहानं जळजळ वाढली आणि आल्याचा जो काही फायदा होणार होता तो गेला. "आलं घे" एवढंच सांगणं म्हणजे अर्धा सल्ला देणं, हे मी तेव्हा शिकले.

तिसरी गोष्ट मला आजही बोचते. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनं लोहाच्या गोळ्या आणल्या होत्या, आणि चहाबरोबर रोज सकाळी एक घेत होती. लोहाची गोळी रिकाम्या पोटी कुणालाही मळमळवते. शिवाय चहाबरोबर घेतली की लोह नीट शोषलंही जात नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमातही पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिड आहे, लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. मी फॉलिक ॲसिड लिहून दिलं, पण "आणखी काय घेतेस?" हे विचारलं नाही.

मग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी तिनं उपास धरला. दिवसभर पाणी आणि दोन केळी, रात्री साबुदाण्याची खिचडी. ती सगळी बाहेर पडली. दुसऱ्या दिवसापासून उलट्या पाचवर गेल्या.

नवरा घाबरला आणि मेडिकलमधून जिभेवर विरघळणारी उलटीची गोळी घेऊन आला. ती ऑनडॅनसेट्रॉनची होती. चार दिवसांत तिनं सहा घेतल्या. उलट्या थोड्या थांबल्या, पण चार दिवस शौचाला झालं नाही, कारण या औषधानं बद्धकोष्ठता होते. पोट तटतटून फुगलं की मळमळ पुन्हा वर येते. ते औषध एका हातानं देत होतं आणि दुसऱ्या हातानं काढून घेत होतं.

शेजारच्या एका मावशींनी पुडीत बांधलेलं एक चूर्णही आणून दिलं होतं. सासूबाईंनी मात्र ते तिला दिलं नाही, पुडी कपाटात ठेवून दिली आणि दुसऱ्या भेटीला माझ्या टेबलावर आणून ठेवली. "यात काय आहे कुणालाच माहीत नाही. म्हणून दिलं नाही," त्या म्हणाल्या. त्या दोन आठवड्यांत घरात घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय होता आणि तसं मी त्यांना तिथेच सांगितलं.

दुसरी भेट

आठ आठवडे पाच दिवस. वजन ५१.८ किलो. मूळ ५४ किलोंवरून २.२ किलो कमी, म्हणजे चार टक्के. जीभ कोरडी. सकाळपासून लघवी एकदाच, तीही गडद पिवळी. या वेळी तिन्ही प्रश्न विचारले, गुण बारा आले. मध्यम गटाचा हा शेवटचा आकडा.

गरोदरपणातल्या उलट्या अतितीव्र झाल्या की त्याला हायपरेमेसिस म्हणतात. त्याची एक ढोबळ खूण अशी की मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट होते. मानसीच्या बाबतीत ती रेघ ५१.३ किलोंवर होती, आणि ती अर्धा किलो वर उभी होती. अशा वेळी आकड्याकडे बोट दाखवून "अजून तेवढं नाही" म्हणणं सोपं असतं. पण पाणी टिकत नव्हतं, लघवी कमी झाली होती आणि उतार चालूच होता. मी थांबायचं नाही असं ठरवलं.

आधी दुसरं काही नाही ना, हे पाहिलं. सोनोग्राफीत एकच बाळ, ठोके व्यवस्थित. जुळी असतील किंवा द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाशयात बाळाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ, असेल तर उलट्या फार वाढतात, म्हणून हे पाहावं लागतं. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता. थायरॉइड तपासलं. रक्तातलं पोटॅशियम थोडं कमी होतं, ३.३.

पर्याय आणि त्यावरची चर्चा

आम्ही चौघे बसलो, मानसी, नवरा, सासूबाई आणि मी. समोर चार वाटा होत्या.

पहिली म्हणजे आहार नीट करून आणखी आठवडाभर पाहणं. मानसीला हेच हवं होतं, कारण तिला गोळ्यांची भीती वाटत होती. "मॅडम, बाळाला काही झालं तर?" ही भीती हवेतून आलेली नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड हे औषध युरोपात गरोदर बायकांना मळमळीसाठी दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. तेव्हापासून या विषयावर एक सावली आहे, आणि ती सावली नाकारून पेशंटशी बोलता येत नाही.

दुसरी वाट डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांच्या एकत्र गोळीची. गरोदरपणातल्या मळमळीवर सर्वांत जास्त तपासलं गेलेलं हेच औषध. त्याचीही एक गोष्ट आहे, ती मी त्यांना सांगितली. अमेरिकेत ते बेंडेक्टिन नावानं मिळायचं. खटल्यांच्या माऱ्यामुळे कंपनीनं १९८३ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं. व्यंग होतं असं अभ्यासांत दिसलं नव्हतं, तरी ते गेलं. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकांनी हीच जोडी पुन्हा मंजूर केली. या गोळीचा मुख्य त्रास म्हणजे झोप येते.

तिसरी वाट, ऑनडॅनसेट्रॉनच पुढे चालू ठेवणं. नवऱ्याचा कल इकडे होता, कारण त्यानं थोडा फरक दिसला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेतलेल्यांत टाळू किंवा ओठ दुभंगण्याचं प्रमाण दहा हजारांत सुमारे १४ दिसलं, न घेतलेल्यांत ११. म्हणजे दहा हजारांत तीन जास्त. हा फरक फार लहान आहे. घेतलेल्या सहा गोळ्यांबद्दल रात्रीची झोप उडवायचं कारण नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्या औषधांनी भागलं नाही तर मीही ते देते. पण पहिली पसंती म्हणून, दहा आठवड्यांच्या आत आणि न विचारता, नको.

चौथी वाट, लगेच सलाईन. नवरा म्हणाला, "ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल." इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बरेच दिवस पोटात काही टिकलेलं नसेल तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, संपत आलेलं असतं. अशा वेळी ते न देता आधी ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. क्वचित होतं, पण झालं तर भरून निघत नाही. म्हणून आधी थायामिन, आणि बाटली साध्या मिठाच्या पाण्याची.

काय केलं

दुसरी आणि चौथी वाट एकत्र घेतली. त्याच दिवशी डे-केअरमध्ये पाच तासांत दोन लिटर सलाईन, त्यात सावकाश पोटॅशियम, आणि सुरुवातीलाच १०० मिलिग्रॅम थायामिन. दुपारी तीनला तिला लघवी झाली, फिकट पिवळी. सासूबाईंनी मला बाहेर येऊन सांगितलं, जणू काही रिझल्ट लागला होता.

त्या रात्रीपासून डॉक्सिलामिन १० आणि बी-६ १० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या झोपताना. ही गोळी सावकाश विरघळते, रात्री घेतलेलीचा असर पहाटे चढतो, म्हणून ती तोडून किंवा चावून घ्यायची नसते. मळमळ होईल तेव्हा घ्यायची हीही गोळी नाही, रोज ठरल्या वेळी घ्यायची. तिसऱ्या दिवसापासून सकाळी एक वाढवली. चारच्या वर जायचं नाही. बाजारातल्या काही गोळ्यांत फॉलिक ॲसिडही मिसळलेलं असतं, तशी असेल तर वेगळी गोळी दुप्पट होते, म्हणून पाकीट मी स्वतः पाहिलं. लोहाच्या गोळ्या चौदाव्या आठवड्यापर्यंत बंद. बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल.

मग आहार. पहिल्या भेटीत मी चार वाक्यांत उरकलं होतं, या वेळी घड्याळ लावून बसले.

उशाशी एक डबा. त्यात खाकरा, साळीच्या लाह्या, भाजलेले चणे. डोळे उघडले की उठायच्या आधी पडल्या पडल्या दोन-चार घास, मग पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहायचं. त्यानंतर उठायचं. ब्रश नंतर, आणि जिभेच्या मागच्या भागापर्यंत घासायचं नाही.

दर दीड-दोन तासांनी मूठभर काहीतरी. पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. नुसतं बिस्कीट किंवा नुसता भात खाल्ला तर भूक लवकर परत येते, म्हणून प्रत्येक वेळी थोडं प्रथिन जोडायचं ठरवलं: चणे, शेंगदाणे, घट्ट दही, पनीरचा तुकडा, उकडलेलं अंडं. अंड्याचा वास तिला सोसेना, ते सोडून दिलं. गार किंवा कोमट अन्नाला वास कमी येतो. गरम वरणभात नकोसा वाटणारी मानसी गार दहीभात खाऊ शकली.

पाणी जेवणाबरोबर नाही. दोन खाण्यांच्या मध्ये, घोट घोट. एकदम पेलाभर प्यायलं की पोट ताणतं आणि सगळं बाहेर येतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून दिवसभर पुरवायचं, चोवीस तासांनी उरलेलं टाकायचं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांत साखर जास्त असते.

इथे सासूबाईंचं स्वयंपाकघर कामी आलं. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि आमसुलाचं पातळ सार, दोन्ही गार करून. माझ्या यादीतलं काहीही या दोहोंइतकं टिकलं नाही. पेजेत पाणी, मीठ आणि पिष्ट एकत्र मिळतं, आणि आंबट चव अनेकींना मळमळीत बरी वाटते. सोलकढीतला नारळाचा रस मात्र जड पडला, ती बंद केली.

आल्याचं प्रमाण या वेळी ठरवून दिलं. अभ्यासांत साधारणपणे दिवसाला एक ग्रॅम सुंठ, चार भागांत विभागून वापरली गेली आहे. घरच्या मापात सपाट अर्धा चमचा सुंठपूड, पूर्ण दिवसाची. ती गरम पाण्यात, लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून, काही खाल्ल्यानंतर. आल्यानं मळमळ कमी होते, उलट्यांवर त्याचा असर तितका नाही. म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवायची. जळजळ वाढली तर कमी करायचं, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. चहा दिवसाला एक कप, तोही खाल्ल्यावर.

काय टाळायचं तेही सांगितलं. लेबल नसलेली चूर्णं आणि भस्मं, कारण काहींत शिसं आणि पारा सापडतो. जळजळीसाठी सतत खायचा सोडा. मोठ्या प्रमाणात ज्येष्ठमध. कोरफडीचा गर. आणि मिश्री. मळमळीत तोंड साफ वाटतं म्हणून मिश्री लावणाऱ्या गरोदर बायका माझ्या ओपीडीत अजूनही येतात. ती जाळलेली तंबाखूच आहे आणि तिचं निकोटीन बाळापर्यंत जातं. मानसी लावत नव्हती, सासूबाई लावायच्या, आणि त्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं.

उलटीनंतर लगेच दात घासायचे नाहीत, आम्लानं मऊ झालेलं दातांचं आवरण झिजतं. आधी साध्या पाण्यानं खळखळून चूळ, ब्रश अर्ध्या तासानं.

गाडीचं काय? ऑफिससाठी पत्र दिलं आणि तिला चार आठवडे अकराची वेळ मिळाली. गर्दी ओसरल्यावर बसायला जागा मिळायची. पिशवीत कापलेलं लिंबू, एक झाकणाची डबी आणि उलटीसाठी प्लास्टिकच्या दोन पिशव्या. पिशव्या वापरायची वेळ एकदाच आली. पण त्या जवळ आहेत म्हटल्यावर तिनं घरून खाऊन निघायला सुरुवात केली, आणि मला नेमकं तेच हवं होतं. मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराच्या दिशेनं तीन बोटं सोडून, दोन शिरांच्या मधल्या जागेवर दाबायचं तिला कुणीतरी शिकवलं होतं. त्याचे पुरावे संमिश्र आहेत, अपाय काही नाही, म्हणून करू दिलं.

सासूबाईंशी बोलणं

हे मी वेगळं लिहिते आहे, कारण औषधाइतकाच याचा उपयोग झाला.

मी त्यांना सांगितलं, "काकू, तुम्हाला कमी झालं आणि हिला जास्त होतंय, याला कारण आहे." जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक गरोदरपणात नाळेकडून आणि बाळाकडून आईच्या रक्तात येतं. २०२३च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की ज्या स्त्रीच्या शरीरात गरोदरपणाआधी ते कमी असतं, तिला त्याची सवय नसते. गरोदरपणात ते अचानक वाढलं की तिला जास्त त्रास होतो. म्हणजे ही नाटकं नाहीत आणि सहनशक्तीचा प्रश्न नाही. ज्याला मिरचीची सवय नाही त्याला तेवढ्याच तिखटानं घाम फुटतो, तसं.

काकू जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीलाही असंच व्हायचं. तिला आम्ही फार बोललो." पुढचे श्रावणी सोमवार सुनेऐवजी आपण धरू, असं त्यांनीच ठरवलं. बोंबील भाजणं दोन महिने बंद राहिलं. फोडणी मानसी घरी नसताना द्यायची.

परिणाम

पाचव्या दिवशी फोनवर तिन्ही प्रश्न विचारले. मळमळ दोन-तीन तास, उलटी एक, ओकारी एक. बेरीज सात. दहाव्या दिवशी सहा. वजन एक आठवडा ५१.८ वर अडून राहिलं, मग सावकाश वर आलं. दुपारी ऑफिसात झोप यायची, म्हणून सकाळची गोळी दहा दिवसांनी बंद केली. अकराव्या आठवड्यात एक संध्याकाळ पुन्हा वाईट गेली. ऑफिसच्या मीटिंगमुळे ती चार तास उपाशी राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "डबा विसरले होते."

तेराव्या आठवड्यात रात्रीच्या गोळ्या एकेक करून कमी केल्या. चौदाव्या आठवड्यात लोहाची गोळी सुरू केली, रात्री जेवणानंतर. सोळाव्या आठवड्यात वजन ५४.२. पुन्हा दाखल करावं लागलं नाही. बाळ पूर्ण दिवसांचं झालं, २.९ किलो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारले असते तर गोळी दोन आठवडे आधी सुरू झाली असती आणि सलाईनची वेळ बहुधा आली नसती. बहुधा म्हणते, कारण आठव्या-नवव्या आठवड्यात त्रास वाढतोच. पण लोहाची गोळी, उपाशी प्रवास आणि उपास या तिन्ही गोष्टी तेव्हाच हाती लागल्या असत्या.

केव्हा थांबायचं नाही हे मी तिला पहिल्या दिवशी लिहून द्यायला हवं होतं. आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद होऊ लागली, चोवीस तास पाणीही टिकलं नाही, उभं राहिलं की चक्कर येते, उलटीत रक्त दिसतं, ताप किंवा पोटात दुखणं आहे, लघवीला जळजळ आहे, तर दोन आठवड्यांच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी यायचं. आणि मळमळ नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाली तर ती गरोदरपणाची असेल असं धरून चालायचं नाही, दुसरं कारण शोधायचं. मानसीच्या मनात दोन आठवड्यांची तारीख पक्की बसली होती. "तुम्ही बोलावलं नव्हतं ना आधी," ती म्हणाली होती.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं. सलाईनच्या दिवशी तिला रात्रभर ठेवायला हवं होतं का? पोटॅशियम थोडंच कमी होतं, लघवी सुरू झाली होती, घर दहा मिनिटांवर, घरात काळजी घेणारं माणूस. म्हणून पाठवलं. घरी एकटी असती, किंवा कसारा-कर्जतहून आलेली असती, तर ठेवलं असतं.

आता पहिल्या तीन महिन्यांतली कुणीही पेशंट आली की मी तिला पर्स टेबलावर उलटी करायला सांगते. जी काही पाकिटं, पुड्या आणि पट्ट्या निघतील त्या एकेक करून वाचते. गेल्या महिन्यात एकीच्या पर्समधून तीन वेगवेगळ्या पट्ट्या निघाल्या. तिन्हींत लोह होतं, आणि ती तिन्ही सकाळी चहाबरोबर घेत होती.